अनुवादकाने नकारपत्रात काय लिहावे आणि काय लिहू नये

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतले दावे खालच्या न्यायालयांत बहुतांशी मराठीतच चालतात. सातबारा, फेरफार, खरेदीखत, साक्षीदारांचे जबाब, सगळे मराठीत असते. तेच प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे गेले की कामाची भाषा इंग्रजी होते, कारण संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. दस्तांचा इंग्रजी अनुवाद जोडावा लागतो आणि तो करून देणारी आमच्यासारखी माणसे या भागात मोजकीच आहेत. त्यामुळे एकाच वादातल्या दोन्ही बाजू, वेगवेगळ्या वेळी आणि एकमेकांना न कळता, एकाच अनुवादकाच्या दारात येणे ही खान्देशात आश्चर्याची गोष्ट नाही.

असे झाले तर काम नाकारायचे, एवढे बहुतेकांना कळते. नकार कसा कळवायचा, हा मात्र कठीण भाग आहे. नकाराचे पत्र अर्ध्या पानाचे असते, पण त्यातले एखादे वाक्य कमी पडले तर समोरच्या वकिलाचे नुकसान होते आणि एखादे जास्त झाले तर जुन्या पक्षकाराचा विश्वासघात होतो. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणाच्या आधारे हे समजावून सांगतो. कोणाची ओळख पटू नये म्हणून गाव, वर्षे आणि आकडे बदलले आहेत. कामाचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे.

वाद अमळनेर तालुक्यातल्या तापीकाठच्या एका वावराचा होता. १९९४ साली एका शेतकऱ्याने अडचणीच्या वेळी ते नऊ हजार रुपयांना लिहून दिले. दस्ताचे नाव 'मुदत खरेदीखत'. पाच वर्षांत रक्कम परत केली तर जमीन परत करून द्यायची, अशी अट त्याच दस्तात शेवटून दुसऱ्या परिच्छेदात होती. पैसे मुदतीत परत झाले नाहीत. पुढे २०१६ मध्ये लिहून देणाऱ्याच्या मुलांनी दावा लावला की हा व्यवहार मुळात गहाणाचा होता, म्हणून रक्कम घेऊन जमीन आम्हाला सोडवून द्यावी. लिहून घेणाऱ्याचे म्हणणे होते की ही खरेदीच होती, फक्त परत विकत घेण्याची सवलत दिली होती आणि ती सवलत १९९९ मध्ये संपली.

या दोन म्हणण्यांमधला फरक किती मोठा आहे, हे पाहिल्याशिवाय पुढचे पत्र समजणार नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८ मध्ये 'सशर्त विक्रीद्वारे गहाण' असा एक प्रकार आहे, आणि जमीन परत करण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असल्याखेरीज व्यवहार गहाण धरता येत नाही, असे तिथे सांगितले आहे. पण अट त्याच दस्तात आहे एवढ्यानेही तो आपोआप गहाण ठरत नाही. पूर्ण दस्त आणि भोवतालची परिस्थिती पाहून पक्षकारांचा हेतू ठरवावा लागतो. व्यवहार गहाणाचा ठरला तर सोडवण्याचा दावा लावायला मुदत अधिनियमाने ३० वर्षे दिली आहेत, म्हणजे १९९९ पासून मोजले तरी २०१६ चा दावा वेळेत बसतो. परत विकत घेण्याची सवलत ठरली तर ठरलेली पाच वर्षे संपताच विषय संपला. दस्ताचा अर्थ लावणे हा कायद्याचा प्रश्न समजला जातो आणि दुसरे अपील अशाच प्रश्नावर उभे राहते, म्हणून या प्रकरणात सगळा भार त्या एका परिच्छेदावर येणार होता.

आता अनुवादकाच्या टेबलावर या. दस्तलेखकाने लिहिले होते, 'सदर रक्कम मुदतीत अदा केल्यास मिळकत परत करून द्यावी.' हे 'परत करून द्यावी' इंग्रजीत 'रिटर्न' लिहायचे, 'रीकन्व्हे' लिहायचे की 'रीसेल'? पहिला शब्द गहाणाकडे झुकतो, तिसरा विक्रीकडे, आणि मधला कोणाच्या हातात पडतो त्यावर अवलंबून. खंडपीठातल्या अनेक न्यायमूर्तींना मराठी येते, मूळ दस्तही समोर असतो. तरीही युक्तिवाद इंग्रजी मजकुरावर होतात आणि प्रकरण दिल्लीला गेले तर मराठी येणारे कोणी असेलच असे नाही. प्रामाणिक अनुवादकालाही असा शब्द निवडताना थांबावे लागते. ज्याने एका बाजूची हकीकत आधीच ऐकलेली आहे, तो त्या हकीकतीच्या विरुद्ध जाणारा शब्द निवडताना कचरेल, किंवा कचरत नाही हे स्वतःला दाखवण्यासाठी उलट बाजूला जास्तच झुकेल. कोणत्याही रीतीने हात मोकळा राहत नाही.

माझ्याकडे काम आले ते लिहून देणाऱ्याच्या मुलांच्या वकिलांकडून. जिल्हा न्यायालयात ते हरले होते आणि दुसरे अपील करायचे होते. ते फोनवर घाईत बोलले आणि पक्षकारांची नावे, गाव, गट क्रमांक मी लिहून घेतला. नवीन काम घेण्याआधी मी माझी वही पाहतो; तिच्यात प्रत्येक जुन्या कामाची एक ओळ असते, मजकूर काहीही नाही, फक्त नावे, गाव, जमिनीचा क्रमांक आणि वकील. नावे जुळली नाहीत. गट क्रमांकही जुळला नाही. मी होकार दिला, पाच हजार रुपये आगाऊ आले आणि संध्याकाळी ६४ पानांची फाइल मेलवर आली.

सहाव्या पानावर चतुःसीमा होती आणि तिच्यात जुना सर्व्हे नंबर. तो वाचताक्षणी ओळखीचा वाटला. वही पुन्हा काढली. तीन वर्षांपूर्वी लिहून घेणाऱ्या बाबांनी मुंबईच्या एका वकिलांचा सल्ला घेतला होता. त्या वकिलांना मराठी येत होती, पण बाबा बोलत होते ते अहिराणी त्यांना कळत नव्हते. दोन तास मी दुभाषी म्हणून मधे बसलो होतो. बाबांनी जमिनीचा उल्लेख जुन्या सर्व्हे नंबरानेच केला होता आणि मी तसाच टिपला होता. एकत्रीकरणानंतर त्याच जमिनीला गट क्रमांक पडला, तो नवीन वकिलांनी सांगितला. दरम्यान बाबा वारले होते आणि अपिलात त्यांच्या जागी वारसांची नावे होती, त्यात पहिले नाव लग्न झालेल्या मुलीचे. म्हणून माझी तपासणी चुकली. तेव्हापासून मी फोनवरच तीन गोष्टी जादा विचारतो: जुना सर्व्हे नंबर कोणता, मूळ पक्षकार हयात आहेत की वारस रेकॉर्डवर आहेत, आणि खालच्या न्यायालयात दोन्ही बाजूंचे वकील कोण होते. हे विचारण्यासाठी फाइल उघडावी लागत नाही.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? खासगी अनुवादकांसाठी वकिलांच्या बार कौन्सिलसारखी शिस्त लावणारी संस्था आपल्याकडे नाही. पण दुभाष्याला मोकळे सोडलेले नाही. पक्षकार आणि वकील यांच्यातले बोलणे उघड न करण्याचे जे बंधन वकिलावर असते, ते भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ने दुभाष्यांना आणि वकिलांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू केले आहे. जुन्या १८७२ च्या कायद्यातही ते होतेच. काम संपले म्हणून हे बंधन संपत नाही. दुसरी बाजू खोट्या अनुवादाची. शपथेने बांधलेल्या अनुवादकाने स्वतःला खरा वाटत नसलेला अनुवाद खरा म्हणून प्रमाणित केला तर ती खोटी साक्ष ठरते, आणि भारतीय न्याय संहितेत खोट्या साक्षीच्या कलमाखाली हेच उदाहरण दिलेले आहे. हितसंबंध असणारा अनुवादक खोटे लिहीलच असे नाही, पण त्याच्यावर तसा आरोप करणे समोरच्या वकिलाला सोपे जाते, आणि मग वाद जमिनीचा न राहता अनुवादकाचा होतो.

वकिलांसाठीचा नियम या बाबतीत अधिक स्पष्ट आहे: ज्या दाव्यात एका पक्षकाराला सल्ला दिला किंवा त्याच्या बाजूने काम केले, त्यात विरुद्ध पक्षकाराचे काम घ्यायचे नाही. मी स्वतःला तेच माप लावतो.

त्या रात्री मी आधी जे पत्र लिहिले ते चांगले नव्हते. त्यात मी म्हटले होते की 'प्रतिवादी क्रमांक १ यांचे वडील आपल्या मुंबईच्या वकिलांकडे सल्ल्यासाठी गेले असता मी दुभाषी होतो आणि या व्यवहाराबद्दल त्यांनी जे सांगितले ते मला माहीत आहे.' लिहिताना हे अगदी सरळ आणि प्रामाणिक वाटले. सकाळी वाचले तेव्हा लक्षात आले की या एका वाक्याने मी तीन गोष्टी फोडल्या होत्या: बाबांनी मुंबईचा वकील गाठला होता, व्यवहाराबद्दल त्यांना काही सांगायचे होते, आणि ते सांगणे असे होते की ते माहीत असणारा माणूस दुसऱ्या बाजूला चालणार नाही. हुशार वकिलाला एवढे पुरते. कारण द्यायचे ते नात्याचे द्यावे, माहितीचे देऊ नये.

याच्या उलट चूक म्हणजे बहाणा. 'तब्येत बरी नाही', 'हातात काम फार आहे' असे लिहून सुटका करून घेण्याचा मोह होतो, कारण वकिलांशी वाईटपणा नको असतो. पण तब्येतीच्या कारणावर वकील म्हणतात, ठीक आहे, आठ दिवसांनी द्या. जिल्हा न्यायालयाच्या हुकूमनाम्यापासून दुसऱ्या अपिलाला ९० दिवसांची मुदत असते. नकला मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात, पण पक्षकाराने वकील गाठण्यात आणि वकिलाने अनुवादकाची वाट पाहण्यात घालवलेले दिवस वजा होत नाहीत. नकार हा नकारासारखाच आणि पहिल्याच वाक्यात दिसला पाहिजे.

शेवटी पाठवलेले पत्र असे होते.

'मा. वकीलसाहेब, स.न.वि.वि.

विषय: दुसऱ्या अपिलातील मराठी दस्तांच्या इंग्रजी अनुवादाचे काम न स्वीकारण्याबाबत.

आपण काल सायंकाळी ई-मेलने पाठवलेली ६४ पानांची फाइल मिळाली. हे काम मी स्वीकारू शकत नाही. या वादाशी संबंधित कामात मी पूर्वी व्यावसायिक नात्याने सहभागी होतो आणि त्या कामामुळे माझ्यावर असलेले गोपनीयतेचे बंधन आजही कायम आहे. त्याच बंधनामुळे याहून अधिक तपशील देता येत नाही, कृपया गैरसमज नसावा.

आपण काम सांगितले तेव्हा हा संबंध माझ्या लक्षात आला नाही, याबद्दल दिलगीर आहे. फाइलची पहिली सहा पाने, म्हणजे आपले टिपण आणि दस्ताचा सुरुवातीचा भाग, वाचल्यावर तो लक्षात आला आणि मी तिथेच थांबलो. पुढची पाने पाहिलेली नाहीत व अनुवादास सुरुवात केलेली नाही. फाइल कोणालाही दाखवलेली किंवा पाठवलेली नाही, छापील प्रत काढलेली नाही, आणि माझ्या संगणकातून व मेलमधून ती काढून टाकली आहे. वाचलेल्या मजकुराची वाच्यता मी कोठेही करणार नाही. आपण हे काम माझ्याकडे दिले होते हेही संबंधितांना कळवणार नाही.

आगाऊ मिळालेले रु. ५,००० आज परत पाठवले आहेत. अपिलाची मुदत लक्षात घेऊन आपण दुसऱ्या अनुवादकाची व्यवस्था लवकर करावी, ही विनंती.

कळावे, आपला विश्वासू.'

यातल्या दोन-तीन जागांवर थोडे थांबतो. 'या वादाशी संबंधित कामात सहभागी होतो' असे म्हटले आहे. कोणाच्या बाजूने, हे म्हटलेले नाही. वकील ते ओळखणारच, कारण वादाला बाजू दोनच. पण दावा आधीच उभा होता आणि समोरच्यांनी वकील केला आहे हे जगजाहीर होते, म्हणून एवढे सांगणे निरुपद्रवी होते. दावा अजून दाखलच झाला नसता तर मी हेही वाक्य लिहिले नसते, कारण तेव्हा 'कोणीतरी सल्ला घेऊन बसले आहे' हीच मोठी बातमी असते. अशा वेळी 'व्यावसायिक कारणामुळे हे काम मला घेता येत नाही' एवढेच लिहून थांबावे.

सहा पानांचा उल्लेख मला टाळता आला असता आणि कोणाला कळलेही नसते. तो आवश्यक होता तो पहिल्या पानामुळे. दस्त, जबाब, निकाल हे रेकॉर्डवरचे कागद आहेत, दोन्ही बाजूंकडे त्यांच्या नकला असतात, ते वाचल्याने कोणाचे बिघडत नाही. पहिले पान मात्र वकिलांचे स्वतःचे टिपण होते, अपिलात कोणते मुद्दे घ्यायचे आणि कोणता शब्द कसा अनुवादित व्हावा अशी त्यांची अपेक्षा आहे याचे. ते माझ्या नजरेखालून गेले आहे, हे त्यांना माहीत असायला हवे होते, म्हणजे त्याची काय दखल घ्यायची ते त्यांना ठरवता येईल. वाचलेले न वाचल्यासारखे करता येत नाही. किती वाचले ते सांगता येते.

दुसरा अनुवादक सुचवला नाही, हेही जाणूनबुजून. एरवी मी व्यवसायातल्या मित्रांची नावे आनंदाने देतो. पण जिथे मी एका बाजूला बसलेलो आहे तिथे मी सुचवलेला माणूसही उद्या 'यांचाच' म्हणवला जातो. फाइल परस्पर मित्राकडे ढकलणे तर त्याहून वाईट. आपल्याकडे हे सर्रास होते, व्हॉट्सॲपवर एक बोट लावले की झाले, आणि पक्षकाराचे कागद त्याला न विचारता तिसऱ्या हातात गेलेले असतात. कागद प्रत्यक्ष आले असतील, विशेषतः न्यायालयाच्या सही-शिक्क्याच्या नकला, तर त्या स्वतः नेऊन द्याव्यात आणि पोच घ्यावी.

नात्यागोत्याचा संबंध असेल तर गोष्ट वेगळी होते. या भागात भाऊबंदकी आणि सोयरिकी अशा पसरलेल्या आहेत की तालुक्यातल्या कोणत्याही दाव्यात लांबचे कोणीतरी निघतेच. 'प्रतिवादी माझ्या आत्याचे जावई लागतात' हे पत्रात उघड लिहिता येते, कारण ते गुपित नाही. वकिलांना ते कळवावे आणि तरीही काम द्यायचे का, हे त्यांनी लेखी सांगावे. नाते जवळचे असेल, किंवा दाव्यातल्या जमिनीत आपला किंवा घरच्यांचा वाटा निघत असेल, तर अशी संमतीही उपयोगाची नाही. निकाल बाजूने लागला तर जादा मोबदला, अशा बोलीवर घेतलेल्या कामाचेही तेच. तिथे नातेवाईक नसून पैसा हितसंबंध होतो. पण पूर्वी ऐकलेल्या गुपिताच्या बाबतीत संमतीचा मार्ग जवळजवळ बंदच असतो. बाबांच्या वारसांची संमती मागायची तर त्यांना सांगावे लागते की समोरचे अपील करत आहेत आणि माझ्याकडे आले होते, म्हणजे एकाचे गुपित राखण्यासाठी दुसऱ्याचे फोडावे लागते.

पत्र पोचल्यावर दुपारी वकिलांचा फोन आला. रागावले नव्हते. म्हणाले, 'काम नका करू, पण एवढा एक शब्द सांगा. तुम्ही एरवी मुदत खरेदीला इंग्रजीत काय लिहिता?' प्रश्न साधा होता आणि दुसऱ्या कोणत्याही प्रकरणात मी पाच मिनिटे बोललो असतो. त्या प्रकरणात ती पाच मिनिटेच सगळे काम होते. मी म्हटले, 'साहेब, या फाइलबाबत एक शब्दही सांगता येणार नाही.' ते थोडे थांबले आणि 'बरं' म्हणाले.

वहीत मी त्या दिवशी नवीन ओळ लिहिली: दोन्ही बाजूंची नावे, वारसांसह, जुना सर्व्हे नंबर, नवा गट क्रमांक, आणि समोर 'बंद'. पाच महिन्यांनी बाबांच्या मुलीच्या वकिलांनी फोन केला. अपिलाची नोटीस आली होती आणि त्यांना काही कागद इंग्रजीत करून हवे होते. बाबांचे काम मी केले होते, हे त्यांना माहीत होते, म्हणून मीच सोयीचा. तीन वर्षांपूर्वी मी लगेच हो म्हटले असते. पण आता समोरच्या वकिलांचे टिपण माझ्या वाचनात आलेले होते, आणि ते कळवणार नाही असे मी लिहून दिले होते. त्यांना दोन ओळींचेच पत्र लिहिले, की व्यावसायिक कारणामुळे या प्रकरणात आता कोणत्याही बाजूचे काम मला घेता येणार नाही. मग 'कोणत्याही' हा शब्द खोडून वाक्य पुन्हा लिहिले, कारण त्यातूनही समोरचे माझ्याकडे आले होते असा सुगावा लागत होता. पाठवलेल्या पत्रात 'हे काम मला घेता येणार नाही' एवढेच राहिले.